आबांची खाट

मी जळगावात नर्सिंग शिकवते. एरंडोलच्या घरी आबांची, माझ्या वडिलांची, उजवी बाजू पक्षाघाताने गेली, वाचाही गेली, तेव्हा शुश्रूषेची आखणी मीच केली. निदान, पडून राहिल्याने जखमांचा धोका. उद्दिष्ट, त्वचा शाबूत राहावी. उपाय, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि लुळ्या उजव्या कुशीवर कमी वेळ ठेवायचं.

पण दार उजवीकडे होतं. डाव्या कुशीवर वळवलं की समोर भिंत यायची आणि आबा रडायचे. मग मी त्यांना उजव्या कुशीवरच राहू द्यायची.

आई म्हणाली, "खाट फिरवी टाक, बेटा. मंग डाव्या कुशीवर बी त्यास्ले दार दिसी."

"दक्षिणेला पाय होतील," मी म्हटलं. तसं मेलेल्या माणसाला निजवतात. शिकवणारी मी, पण माझा धीर झाला नाही.

मूल्यमापन करायला बसले तेव्हा उजव्या खुब्याची कातडी गेलेली होती. बाजू बधिर, त्यांना कळलंही नव्हतं. उद्दिष्ट साध्य झालं नव्हतं. त्याच दिवशी मी खाट फिरवली. आबा डाव्या कुशीवर दाराकडे बघत राहिले, रडले नाहीत. जखम मात्र आत उतरली होती. ताप चढला, आणि त्या तापातच ते गेले.

दक्षिणेला पाय करून आम्ही त्यांना जमिनीवर घेतलं. आईने त्यांचं तोंड हलकेच दाराकडे वळवलं.