खोडदच्या पार्सलचे साडेसातशे

जुन्नरच्या बाजारपेठेत सयाजीशेठचं कुरियरचं ऑफिस होतं. खाली चपलांचं दुकान आणि वर ते. रत्ना तिथे दोन हजार एकपासून, म्हणजे ऑफिसात कॉम्प्युटर नव्हता तेव्हापासून होती. नवरा डिंभ्याच्या कालव्यावर रोजंदारीला, मुलगी समृद्धी दहावीला. बी.कॉम. झालेली बाई पार्सलं मोजते म्हणून सासरचे हसत, पण महिन्याच्या महिन्याला पगार घरात यायला लागला तसं हसणं थांबलं.

टीव्हीवर बघून माल मागवायची लाट आली आणि रत्नाचं काम वाढलं. पोटाचे पट्टे, गुडघ्याची मशीनं, केस वाढवायची तेलं. पार्सल हातात पडलं की गिऱ्हाइकानं पैसे द्यायचे. पार्सल वाटणाऱ्या पोऱ्यानं ते संध्याकाळी ऑफिसात आणायचे. कुठलं पार्सल पोचलं ते कॉम्प्युटरवर टाकायचं, सकाळी रोकड बँकेत भरायची आणि भरण्याची स्लिप, सोबत पार्सलवार यादी, पुण्याच्या मुख्य ऑफिसला फॅक्स करायची. पुणं ते जुळवून माल पाठवणाऱ्या कंपनीला पैसे देणार. पोचलं असं दिसलं आणि पैसे आले नाहीत, की पुण्याचा फोन वाजलाच.

तो फोन नेहमी रत्नासाठी वाजायचा. अमृतासाठी कधीच नाही.

अमृता दोन वर्षांपूर्वी आली होती. नारायणगावची, लग्न न झालेली, कीबोर्डवर बोटं अशी चालवायची की समोरच्यानं बघत राहावं. जुन्नर आणि लेण्याद्रीकडचा भाग रत्नाकडे, नारायणगाव-खोडदचा अमृताकडे. अमृताची यादी दर आठवड्याला चोख. रत्नाच्या यादीत कुठे चौदाशे कमी, कुठे नऊशे चार दिवस उशिरा.

"रत्नाताई, जरा अमृताकडनं शिका की," सयाजीशेठ चहा ओतता ओतता म्हणाला होता. "पुण्याचा साहेब म्हणतो, वसुलीला एकच माणूस पायजे. पगार वाढंल. मी कुणाचं नाव सांगू?"

रत्नानं चहा तसाच ठेवला. त्या रात्री घरी समृद्धी म्हणाली, "आई, अमृतामावशीनं मला एक्सेल शिकवलं. कसलं भारी येतं गं तिला!" भाकरी थापताना रत्नाचा हात जरा जास्तच जोरात पडला. नोकरी एक वेळ द्यावी, पण मुलगीसुद्धा? वसुलीची जागा आपल्याला मिळाली नाही तर समृद्धीला अकरावीला पुण्याला पाठवायचं कुठल्या पैशावर, हा विचार तिला झोपू देईना. आणि तो विचार फिरून फिरून अमृताच्या त्या भराभर चालणाऱ्या बोटांवर येऊन थांबायचा.

मग ती अमृताची यादी वाचू लागली. अमृता जेवायला गेली की स्क्रीनवर डोकवायचं. एक दिवस तिला सापडलं. खोडदच्या प्रयागबाईंचं गुडघ्याचं मशीन, किंमत चौदाशे पन्नास. सोमवारी 'घर बंद', मंगळवारी 'घर बंद', बुधवारी पुन्हा तेच.

प्रयागबाईंना सगळं खोडद ओळखत होतं. गुडघ्यानं बेजार बाई, उंबऱ्याबाहेर पाय टाकत नव्हती. तिचं घर बंद?

आणि घर बंद असेल तर पार्सल संध्याकाळी परत मांडणीवर यायला हवं. रत्ना उठली. मांडणीवरचं एकेक खोकं उलटंपालटं केलं. मशीनचं खोकं नव्हतं.

तिला झाला तो आनंदच म्हणायचा. पार्सल दिलंय, पैसे घेतलेत, आणि बाईसाहेब ते वापरताहेत! तिनं अमृता परत यायची वाटसुद्धा पाहिली नाही. सयाजीशेठला मांडणीपाशी नेलं, स्क्रीन दाखवली. तेवढ्यात खोडदचा पोऱ्या आदेश हेल्मेट काखेत मारून जिना चढून आला, त्याच्यामागून अमृता.

"आदेश, प्रयागबाईचं मशीन कुठं हाय?" सयाजीशेठनं विचारलं.

आदेशनं अमृताकडे पाहिलं. अमृतानं मान खाली घातली.

"दिलंय शेठ. सोमवारीच दिलं."

"मग पैसं?"

"सातशे दिलं म्हातारीनं. बाकीचं दुधाचा पगार झाल्यावर देती. दहा दिवसाला डेरी पैसं देती, तवर कुणाच्या घरात चौदाशे रुपये असत्यात राव? माघारी आणलं तर पार्सल पुण्याला परत जातं, पुन्हा कोण मागवतंय!"

"आणि ते सातशे?"

अमृतानं ड्रॉवर उघडला. पाकीट होतं, वर नाव घातलेलं, रबर लावलेलं. सातशे जसेच्या तसे. "अर्धे पैसे पुणं घेत नाही," ती म्हणाली. "पोचलं लिहिलं असतं तर आपण अडकलो असतो. म्हणून पूर्ण होईपर्यंत घर बंद."

चोरी नव्हती. तिच्या भागात पार्सलं वाटणारा गेणूभाऊही हेच करत होता. उधारीवर पार्सल ठेवून यायचा आणि रत्ना इमानदारीनं 'पोचलं' लिहायची. म्हणून तर तिचे पैसे कमी पडत. गप्प बसायची वेळ हीच होती. पण दोन वर्षांचे फोन कानात वाजले.

"म्हणजे कॉम्प्युटरवर खोटं लिहायचं," ती म्हणाली. "माझं कमी दिसायचं, पण दिसायचं तरी. हिचं दिसतच नव्हतं. उद्या पुण्याचा माणूस मांडणी तपासायला आला, तर ऑफिस बंद होईल, शेठ."

"तुमचा गेणूभाऊ तरी काय येगळं करतो?" आदेश म्हणाला.

सयाजीशेठनं कपाळाला हात लावला. ऑफिस गेलं तर सगळंच गेलं. अमृतानं त्याचा निर्णय ऐकायची वाट पाहिली नाही. पर्समधून साडेसातशे काढले, पाकिटात घातले, पाकीट रत्नासमोर ठेवलं. "आता लिहा, पोचलं म्हणून." ओढणी सावरून जिना उतरून गेली, ती पुन्हा कामावर आलीच नाही.

वसुलीची जागा रत्नाला मिळाली. तिनं नियम केला, पूर्ण पैसे नाहीत तर पार्सल परत. यादी चोख यायला लागली. परत जाणाऱ्या खोक्यांनी मांडणी भरायला लागली, तो भाग वेगळा.

पुढच्या आठवड्यात एक म्हातारी नातवाच्या आधारानं जिना चढून आली. प्रयागबाई. पदराच्या गाठीतून नोटा सोडल्या.

"दुधाचा पगार झाला बाई. त्या अमृताचं साडेसातशे हायेत. आदेश म्हनला, तिनं भरलं. पोरीला सांग, मशीन लई चांगलं हाय."

"माझ्याकडे द्या."

"तू द्येशील ना तिला?"

त्या प्रश्नात संशय नव्हता, तरी रत्नाचे कान तापले. त्या पैशांना यादीत जागा नव्हती. पार्सलचा हिशेब केव्हाच पुरा झालेला. भरले तर बँकेत साडेसातशे जास्त. सयाजीशेठकडे द्यावेत, आदेशच्या हाती पाठवावेत, असं दोनदा मनात आलं. रविवारी ती नारायणगावची एसटी धरून गेली.

अमृताच्या अंगणात शिकवणी चालली होती. चार-पाच पोरी एका जुन्या कॉम्प्युटरभोवती दाटीवाटीनं बसलेल्या. अमृता उठून आली. रत्नानं पैसे पुढे केले.

"प्रयागबाईंचे."

अमृतानं नोटा घेतल्या आणि हसली. "मोजू, का तुमच्यावर विश्वास ठेवू?"

"मोज."

अमृतानं खरंच मोजल्या, रत्नाच्या डोळ्यांदेखत, सावकाश. "बरोबर आहेत. चहा घेणार?"

"नको. गाडी आहे."

"समृद्धीला पाठवा की कधी. एक्सेल अर्धवट राहिलंय तिचं."

आतल्या पोरी "ताई, ताई" म्हणून हाका मारत होत्या. रत्नाला वाटलं, आपल्याला ऑफिसात अशी हाक कुणी मारत नाही. कुंपणाच्या फाटकाशी ती थांबली. एकदा नाही म्हणावंसं वाटलं, मनापासून वाटलं.

"फी किती घेतेस?" तिनं विचारलं.