शेवटच्या सात ओळी

कळंबजवळच्या एका रिसॉर्टच्या ऑनलाइन जाहिराती मी कॉलेज सांभाळून बघत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुणी आवाज चढवला की आपलंच चुकलं असेल, असं मला आधी वाटायचं. त्या सोमवारीही वाटलं.

रिसॉर्टचे मालक, त्यांना मी काका म्हणायचे, पूर्वी डेअरीला दूध घालायचे. सकाळचं दूध सकाळीच मोजून मोकळं. जाहिरातीचा रिपोर्टही ते तसाच वाचत.

"बघ, शनिवारी एक बुकिंग. काल एकही नाय. तुझी नवी जाहिरात फेल हाय. बंद कर."

ती बंद झाली की माझं कामही बंद, हे ठरलेलं होतं.

"काका, काल क्लिक करणारे कालच बुक करत नाहीत," मी चाचरत म्हणाले. "मित्रांच्या ग्रुपवर टाकतात, कुणाला रजा मिळते ते बघतात. कुणी चार दिवसांनी बुक करतं, कुणी आठ. रिपोर्ट मात्र ते बुकिंग क्लिकच्या दिवसावर चढवतो. म्हणून ताजे दिवस रिकामे दिसतात. मागून भरतात."

"कॉलेजात हेच शिकवतात काय गं?"

"नाही. मी रोज रिपोर्ट वहीत उतरवून ठेवते."

वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "हा जुन्या जाहिरातीचा शनिवार. दोन दिवसांनी बघितला तेव्हा एक होतं. नऊ दिवसांनी त्याच शनिवारी चार. आपल्या नव्या शनिवारालाही आज दोनच दिवस झालेत, आणि एक आहे. जुन्या जाहिरातीच्या वेळी तुम्ही महिन्याने रिपोर्ट बघायचात, म्हणून रिकामे दिवस दिसलेच नाहीत."

"बंद कर म्हटलं ना?"

"नाही करणार. बटण कुठं आहे तुम्हाला माहितीय. तुम्ही दाबा."

जाहिरात खरोखरच फेल असू शकत होती. पण ते ठरवायला दोन दिवस पुरणार नव्हते, एवढं मला पक्कं माहीत होतं.

ओट्यावर वाल सोलत बसलेल्या काकू म्हणाल्या, "दाबा की! म्हशीला वैरण टाकली की लगेच चरवी घेऊन धारेला बसायचात काय तुमी?"

काकांना हसू आवरेना. "आठवडाभर ठेव," म्हणाले.

पुढच्या सोमवारी त्या शनिवारासमोर पाच बुकिंगं होती. त्याआधीचे दिवसही भरले होते. आणि खाली, नवा रविवार पुन्हा रिकामा.

काका त्या रविवारकडे बघत राहिले. मी वही उघडायला लागले, तेवढ्यात त्यांनी स्क्रीनवरच्या शेवटच्या सात ओळींवर, म्हणजे गेल्या सात दिवसांवर, तळहात ठेवला.

"हे सोडून वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. या वेळी चाचरले नाही.