उरलेले पैसे आधी खिडकीवर

पावतीकाकांना मॅडमनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी जाळी दिसली, मग जाळीमागचा चष्मा, आणि बऱ्याच वेळाने चष्म्यामागे माणूस असल्याचा संशय आला. हे गृहस्थ रोखपालाच्या खिडकीतच जन्मले असावेत आणि कारखान्याची इमारत नंतर त्यांच्याभोवती सवडीने बांधली असावी, असं मॅडमचं त्याच क्षणी ठाम मत झालं. हिशेब विभागात नव्यानेच रुजू झालेल्या मॅडमनी त्यांच्याकडे एक पेन्सिल मागितली. काकांनी ती दिली, पण पावतीवर सही घेऊन.

"अहो काका, पेन्सिलच आहे ना!"

"आज पेन्सिल आहे मॅडम. उद्या मोडली की ती कोणाचीच नसते."

त्यामुळे एके सकाळी मोठे साहेब जाता जाता, "तो प्रवासाच्या ॲडव्हान्सचा मेमो जरा चकाचक करा, लोकांना कळत नाही म्हणे," असं म्हणाले तेव्हा मॅडमनी आधी जाळीकडे पाहिलं. मेमो काकांचा होता. काका बोलायला मोठे गोड, पण हातात पेन आलं की त्यांच्या अंगात कोर्टाचा बेलिफ संचारत असे. 'संबंधितांनी अखर्चित रक्कम देयकांसह विहित प्रपत्रास संलग्न करून सादर करावी.' हे वाक्य काकांना मुलासारखं लाडकं होतं. त्यातला एक शब्द काढणं म्हणजे पोराचं जावळ त्यांना न विचारता काढण्यासारखं होतं. मॅडमनी मसुदा तीनदा उघडला आणि तीनदा मिटला.

दुपारी खिडकीवर भांडण सुरू झालं. गावोगाव पंप दुरुस्त करत फिरणारा फिटर, ज्याला सगळे पाना म्हणत, तो फॉर्म आत सरकवत होता आणि काका तो बाहेर ढकलत होते.

"हे काय आणलंयस?"

"मेमोत लिहिलंय तसंच केलंय काका. उरलेले पैसे फॉर्मला जोडले."

आणि खरंच जोडले होते. बिलं, त्यावर नोटा, आणि त्या सगळ्यांतून आरपार गेलेल्या स्टेपलरच्या पिना. एका कोपऱ्यात नाण्यांची पुडीसुद्धा चिकटपट्टीने डकवलेली होती.

"अरे गाढवा, नोटांना पिना मारतात का! फॉर्म जातो मॅडमच्या टेबलावर. उद्या यातली नोट गळाली तर मी काय देवाला पावती मागू? हे चालणार नाही. दुरुस्त करून उद्या आण."

"उद्या पहाटे मी दौऱ्यावर जातोय. आणि पगारपत्रक आज बंद होतंय! हिशेब आला नाही तर सगळा ॲडव्हान्स पगारातून कापणार ना? काका, घरमालकाला या महिन्याचा शब्द दिलाय हो. बायको मला पंपासकट घराबाहेर काढेल."

काकांचा चेहरा पडला. नियम एका बाजूला आणि पाना दुसऱ्या. शेवटी त्यांनी पिना काढायचं हत्यार घेतलं आणि एकेक पीन, नोट फाटू न देता, पायातला काटा काढावा तशी काढायला लागले. तोंडाचा पट्टा मात्र चालूच.

"नीट ऐक. आधी उरलेले पैसे इथे खिडकीवर आण. मी मोजतो आणि पावती देतो. ती पावती आणि मूळ बिलं फॉर्मला लाव. झेरॉक्स नको. प्रवास कशासाठी आणि कधी, ते वर लिही. तुझ्या साहेबाची सही घे आणि मॅडमकडे दे. परतल्यापासून सात दिवसांत. कळलं का, पान्या?"

"रिक्षावाल्याने बिलच दिलं नाही."

"मग कुठून कुठे, कोणत्या तारखेला आणि किती, ते कागदावर लिहून सही कर. त्यावर पण साहेबाची सही."

"आणि पदरचे पैसे गेले असते तर?"

"तर वरचे तुला मिळाले असते. कंपनी काय तुझी सासू आहे का?"

मागून मॅडमच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. काकांनी वळून पाहिलं.

"काय लिहिताय?"

"मेमो. तुम्ही बोलताय तोच. सासू फक्त गाळलीय."

काका बराच वेळ कागद वाचत राहिले. आपलं 'संलग्न करून'वालं वाक्य कुठेच नाही, हे त्यांना लागलं. नाक एकदा जोरात शिंकरलं गेलं. मग त्यांनी कागद पान्यापुढे धरला. "वाच. अडखळलास तिथे खूण कर."

पाना कुठेच अडखळला नाही. त्याने पैसे भरले, पावती लावली, आपल्या साहेबांची सही धावत जाऊन आणली, आणि पगारपत्रक बंद होण्याआधी फॉर्म मॅडमच्या टेबलावर आला.

"'संबंधितांनी' हा शब्द शीर्षकात तरी राहू द्या," काका हळूच म्हणाले. मॅडमनी राहू दिला.

मोठ्या साहेबांनी नव्या मेमोवर न वाचता सही केली. पान्याला पगार पूर्ण मिळाला. पुढच्या महिन्यात मोठ्या साहेबांच्या स्वतःच्या दौऱ्याचा हिशेब आला नाही, म्हणून काकांनी त्यांच्या पगारातून ॲडव्हान्स कापला.