अम्मींचा ऊद

लातुरात टँकर दहा दिवसांनी यायचा, त्या उन्हाळ्यात दिरानं दुबईहून बखूर म्हणजे अत्तरात मुरवलेला लाकडाचा भुगा, ऊदाचे तुकडे आणि ते जाळायची विजेची अंगीठी पाठवली. आमच्याकडे ऊद म्हणजे लोबान. निखाऱ्यावर मूठभर टाकायचा, घर धुरानं भरलं की झालं. हा ऊद म्हणजे सुगंधी लाकूड, हे माझ्या सासूला, अम्मींना, सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"अम्मी, हरभऱ्याएवढा तुकडा पुरे. आच मंद ठेवा. वास सुटला की बंद करा, काळा पडायच्या आत उचला. बखुरात साखर असते, तो लगेच करपतो. त्याच्याखाली फॉइल ठेवा."

"हाव, हाव. पण धूरच न्हाई, तर ऊद कशाचा?"

एका शुक्रवारी मी गच्चीवर गेले तेवढ्यात त्यांनी ऊद आणि बखूर दोन्ही मूठमूठ टाकलं, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि वास लागावा म्हणून धुतलेले सगळे कपडे जवळच्या दोरीवर टांगले. मी खाली आले तर करपट, कडवट धुरात अम्मी दिसेनात! मी प्लग उपटला, खिडक्या उघडल्या.

सकाळीच मला तांब्याभर पाणी नाकारणारी शेजारीण आग लागली समजून भरलेली बादली घेऊन धावत आली.

"ओतू नका, विजेचं आहे!" मी ओरडले.

अम्मींनी खोकत खोकत तिच्या हातातली बादली घेतली.

"आणलीच हाय तर ऱ्हाऊ दे. कपडे पुन्हा धुवायचेत."