समोरच्या टोकाचं बटण

आमच्या घरात शर्टाचं बटण तुटलं की ते शिवणाच्या डब्यात न जाता थेट वरच्या मजल्यावर वहिनींच्या टेबलावर जायचं. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. कॉलेजात गणित शिकवायच्या. काळं बटण म्हणजे पोलीस, पांढरं म्हणजे चोर. बाकी रंगांची बटणं त्या मला परत देत, "ही तुझ्या संसाराला घे," म्हणून.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला तो खेळ शिकवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिला आधी गॅस कसा पेटवायचा ते तरी दाखव!" पण वहिनींनी तोवर कागदावर ठिपके काढून रेषांनी जोडलेही होते.

खेळ सोपा. आधी पोलीस एका ठिपक्यावर उभा राहतो, मग चोर आपली जागा निवडतो. मग आळीपाळीनं चाल. रेषेवरून शेजारच्या ठिपक्यावर जायचं, नाहीतर आहे तिथेच थांबायचं. दोघंही एकमेकांना दिसतात, लपाछपी नाही. पोलीस चोराच्या ठिपक्यावर पोचला की खेळ संपला.

"हे बघ झाड," त्या म्हणाल्या. एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. "इथे एका जागेहून दुसरीकडे जायला एकच वाट. पोलिसानं फक्त चोराच्या दिशेनं चालत राहायचं. चोराला पोलिसाला ओलांडून मागे जाता येत नाही. त्याची जागा कमी कमी होत जाते आणि शेवटी डहाळीच्या टोकाशी सापडतो. पोलीस ढ असला तरी."

"आणि हे चक्र." चार ठिपके, गोल जोडलेले. मी काळं बटण घेऊन त्यांच्या पांढऱ्याच्या मागे लागले. मी एक घर पुढे, त्या एक घर पुढे. मी उलटी फिरले, त्याही उलट्या. मी थांबले, त्या थांबल्या. माझा चहा निवून गेला.

"तीनच ठिपके असते तर पकडलं असतंस," त्या हसून म्हणाल्या, "त्रिकोणात सगळेच सगळ्यांचे शेजारी. चार झाले की एकट्या पोलिसानं घरी जावं."

या खेळावर त्या डॉक्टरेट करत होत्या. उशिरा सुरू केलेली, शिकवणं आणि सासरचं सगळं सांभाळून. त्यांचा प्रश्न असा, की कुठल्या आकृत्यांवर एकटा पोलीस नेहमी जिंकतो? आणि त्यांचा दावा असा, की त्रिकोणाला त्रिकोण जोडत जाऊन केलेल्या कुठल्याही आकृतीवर.

त्यांचा पहिला चोर म्हणजे त्यांचे यजमान, माझे थोरले दीर, भाऊजी. ऑफिसातून आले की बूटही न काढता टेबलाशी बसायचे. "काय, आज कुठल्या तुरुंगात टाकताय?" वहिनी पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून, काठाला काठ चिकटवून रोज नवी आकृती तयार ठेवायच्या. भाऊजी मनापासून पळायचे, कपाळाला आठ्या घालून, आणि पकडले गेले की दोन्ही हात वर करायचे. "पकडलंत मॅडम. आता जेवायला तरी वाढा कैद्याला."

"हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणार मी," ते सांगायचे. "तू डॉक्टर झालीस की टाळ्या मी सुरू करणार. बाकीच्यांना काही कळायच्या आत."

ते गेले एका साध्या सकाळी, दाढी करता करता. वहिनी कॉलेजात होत्या. वर्गात निरोप गेला तेव्हा त्या फळ्यावर झाडच काढत होत्या, असं त्यांच्या एका सहकारी बाईंनी मला नंतर सांगितलं. फांदी अर्धी राहिली.

पुढे कितीतरी दिवस त्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत. मग एके दुपारी मी धुतलेले कपडे द्यायला वर गेले, तर त्या भाऊजींच्या शर्टाचं एक पांढरं बटण कात्रीनं सोडवत होत्या. "धाकटे, बस," म्हणाल्या. "चोर नाहीये मला."

तेव्हापासून चोर मी. भाऊजींइतकी मी चांगली नव्हते, पण चिकट होते. वहिनी दर वेळी पकडायच्या आणि प्रबंधाचं एखादं पान पुढे सरकायचं. त्या वर्षीच्या सत्राअखेर त्यांची नोंदणी संपत होती, आणि निवृत्तीच्या वयामुळे नोकरीही. "आता नाही झालं तर नाहीच," त्या म्हणायच्या. अर्पणपत्रिका त्यांनी सगळ्यात आधी लिहून ठेवली होती. प्रबंधाला मान्यता मिळावी, भाऊजींचं नाव त्या पहिल्या पानावर असावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. दुसरं काही मागताना मी त्यांना पाहिलं नाही.

प्रबंध लिहून झाला. विभागात सगळ्यांसमोर मांडायचा तेवढा राहिला. आदल्या रविवारी दुपारी मी वर गेले. टेबलावर उरलेले पुठ्ठ्याचे त्रिकोण पडले होते. वहिनी शेवटचं वाचत होत्या, आणि मी हाताला चाळा म्हणून त्रिकोण चिकटवत बसले. एका टोकाभोवती चार लावले, तर छत्रीसारखं झालं. खालून आणखी चार लावले, तर बंद होऊन हातात मावेल असा खडा तयार झाला.

"बघा, तुमच्यासाठी हिरा केलाय."

"सुंदर!" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "यावर खेळू या. पण बटणं घरंगळतील, थांब, सपाट काढते." त्यांनी कागदावर मोठा त्रिकोण काढला, त्याच्या आत उलटा छोटा त्रिकोण, आणि आतलं प्रत्येक टोक बाहेरच्या जवळच्या दोन टोकांना जोडलं. सहा ठिपके.

"आज पोलीस मी," मी म्हटलं. "सारखं सापडायची माझी हौस फिटली."

"बरं बाई, हो फौजदार."

मी काळं बटण बाहेरच्या एका टोकावर ठेवलं. त्या सहा ठिपक्यांत त्याच्याशी न जोडलेला एकच ठिपका होता, अगदी समोरचा. वहिनींनी तिथे पांढरं ठेवलं. मी सरकले. त्या सरकल्या, पुन्हा मी होते त्याच्या समोरच्या ठिपक्यावर. मी आत गेले, त्या बाहेर आल्या. पुन्हा समोर.

"अहो, चोरीची सवय आहे वाटतं तुम्हाला!"

त्या हसल्या. मी आणखी दोनतीन चाली केल्या. मग त्या हसायच्या थांबल्या. मी मुद्दाम जागीच थांबले, तर त्याही थांबल्या. मी कुठेही गेले तरी त्यांना माझ्या नव्या जागेसमोरचा ठिपका एका रेषेवर मिळत होता. नेहमी.

"आता मला पकड," त्या म्हणाल्या. आवाज वेगळाच होता. "नीट विचार करून पकड, धाकटे."

मी जीव तोडून खेळले. मला खरंच त्यांना पकडायचं होतं. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या आणि त्यांनाही सापडायचंच होतं. पण चोरानं मुद्दाम चुकीची चाल करायची, हे त्यांच्या हातून होईना.

मग त्यांनी हिरा उचलला आणि एकेक टोक बोटानं चाचपत गेल्या. प्रत्येक टोकाला चार शेजारी.

"माझी सिद्धता कशी आहे सांगू?" त्या हळू बोलत होत्या. "आकृतीत एक तरी कोपरा असा शोधायचा, की चोर तिथून जिथे जिथे जाऊ शकेल, तिथे सगळीकडे शेजारच्या एकाच ठिपक्यावरचा पोलीसही पोचतो. तो कोपरा चोराच्या काही कामाचा नाही, कापून टाकायचा. मग उरलेल्यात पुढचा. असं करत एकच ठिपका राहिला, की पोलीस जिंकला. मी लिहिलंय, त्रिकोणांच्या आकृतीत असा कोपरा असतोच." त्यांनी हिरा खाली ठेवला. "यात एकही नाही."

"मग इतक्या आकृत्या केल्यात, त्यांत कसा सापडायचा?"

"मी त्या काठाला एकेक त्रिकोण जोडूनच केल्या ना. शेवटचा जोडलेला कोपरा नेहमी लोंबतच असायचा. मला हवा तो कोपरा मीच चिकटवत होते आणि मीच शोधत होते." हिऱ्याकडे बघत म्हणाल्या, "कधी बंद केलीच नाही गं मी आकृती."

मला त्या हिऱ्याचे तुकडे करावेसे वाटले. म्हटलं, "मी कशाला तो चाळा केला!"

"वेडी आहेस. चाळा केला नसतास, तर उद्या सगळ्यांसमोर उभं राहून खोटं बोलले असते ना मी!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत मी गेले. पिशवी धरायला, असं म्हटलं मी. त्यांचे मार्गदर्शक सर विभागातल्या आपल्या खोलीत होते. खिडकीत वाळलेलं रोप, भिंतभर पुस्तकं. वहिनींनी कागद पुढे ठेवला. सरांनी पेन्सिलीच्या टोकानं चोर-पोलीस चालवून पाहिले. बराच वेळ. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले. "अपवाद म्हणून वगळता येईल?"

"यासारखे कितीतरी निघतील, सर. सगळे वगळले तर ज्यांत कोपरा सापडतो तेवढ्याच आकृत्या राहतात. त्यांच्यावर पोलीस जिंकतो हे आधीच सिद्ध झालेलं आहे. माझं त्यात काय?"

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "परीक्षकांच्या लक्षात येईलच असं नाही, बाई. तुमचं सत्र संपतंय."

"माझ्या लक्षात आलंय ना."

सरांनी मान खाली घातली. शिपाई चहा ठेवून गेला, तो कुणीच घेतला नाही. वहिनींनी प्रबंध मागे घेत असल्याचं तिथल्या तिथे लिहून दिलं, अक्षर नेहमीसारखंच ठळक. जिन्यात मात्र त्यांनी माझा हात धरला, आणि खालची पायरी येईपर्यंत सोडला नाही.

"पहिली रांग रिकामीच राहिली असती नाहीतरी," त्या म्हणाल्या.

सत्र संपलं, नोकरीही संपली. निरोपाच्या दिवशी मुलांनी आग्रह केला म्हणून त्यांनी शेवटचा तास घेतला. फळ्यावर झाड काढलं, सगळ्या फांद्या पुऱ्या केल्या. मग चक्र. आणि शेवटी त्रिकोणातला उलटा त्रिकोण. "हा मला सुटला होता," त्यांनी मुलांना सांगितलं. "तुम्हाला सुटू देऊ नका."

परवा मी वर गेले तेव्हा त्या टेबलाशी बसल्या होत्या. तोच कागद. पांढरं बटण, भाऊजींच्या शर्टाचं, अजून एका ठिपक्यावर होतं. वहिनींनी डब्यातून एक काळं बटण काढून ठेवलं, जरा थांबून दुसरंही काढलं, आणि पहिल्या काळ्याच्या शेजारच्या ठिपक्यावर ठेवलं.

"आता बघ. चोरानं पहिल्याच्या समोर जावं, तर दुसऱ्याच्या शेजारी. दुसऱ्याच्या समोर जावं, तर पहिल्याच्या. कुठेही जा, पहिल्याच चालीत सापडतो."

"म्हणजे दोघं असले की झालं."

"हो." त्यांनी पांढरं बटण उचलून तळहातावर घेतलं. "दोघं असले की काही अवघड नाही."

मी चहा ठेवायला आत गेले. सवयीनं तीन कप काढले गेले, एक परत फळीवर ठेवला. बाहेर आले तेव्हा कागद घडी घालून ठेवलेला होता, काळी बटणं डब्यात होती, आणि वहिनींची मूठ तशीच मिटलेली होती.