बाहेरून उघडून बघणे

शिरूरच्या कॉलेजात आमच्या कंप्युटर क्लबच्या स्पर्धेची नावनोंदणी वेबसाइटवर होणार होती. त्यासाठी भाड्याने सर्व्हर घेतला होता. साइट सुरू करण्याआधीच्या कामांची यादी माझ्याच अक्षरात होती: चाचणीच्या नोंदी पुसणे, बॅकअप घेणे, साइटच्या नावाला सर्व्हरचा पत्ता जोडणे, बाहेरून उघडून बघणे.

पत्ता जोडण्याआधी चाचणी करता यावी म्हणून तो आम्ही लॅबच्या आठही मशीनमध्ये हाताने लिहून ठेवला होता. त्यामुळे लॅबमध्ये साइटचं नाव टाकताच तिचं निळं पान उघडलं, आणि मी शेवटच्या दोन्ही कामांपुढे खुणा करून टाकल्या.

दोन दिवस नोंदणीसाठी एकही नाव आलं नाही. आम्ही मात्र दुपारभर त्या पानाकडे बघत बसायचो, घोडनदीच्या संथ पाण्याकडे बघावं तसं.

शनिवारी मी घरी दौंडला गेले. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत साइटचं नाव टाइप केलं. पान सापडेना. चिडून बूथवरून लॅबमध्ये फोन लावला.

तिथे बसलेला क्लबमधला मित्र म्हणाला, "हितं तर झकास उघडतंय की!"

नावाला पत्ता जोडायचाच राहिला होता; सगळ्या जगात साइट फक्त आमच्या आठ मशीनवर उघडत होती. आणि यादीत 'बाहेरून'पुढे माझी ठसठशीत खूण होती.