दुधातला ध

भिंगताईच्या नादी लागायचं नाही, हे कोर्टाच्या आवारात सगळ्यांना ठाऊक होतं. हातानं लिहिलेलं भिंगातून वाचून टाईप करून द्यायचं, हा तिचा धंदा. नवऱ्यानं कानशिलात हाणून तिचा डावा कान कायमचा बसवला, तेव्हा तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलून त्याचा गुडघा फोडला होता आणि त्याच पावली घर सोडलं होतं. त्या दिवसापासून ती कुणाच्या बापाला भीत नसे.

त्या सकाळी एका वकीलबाईंनी पाठवलेला एक ड्रायव्हर तिच्यापुढे येऊन बसला. बोटांची सालं निघालेली, शर्टाच्या बाहीवर वाळलेलं रक्त. त्याची बहीण दवाखान्यात बेशुद्ध पडली होती. नवऱ्यानं तिला लोखंडी पाईपनं झोडपलं, ती घरखर्च नि मारहाण लिहून ठेवायची ती वही चुलीत घातली आणि तो पळाला. वहीच्या एका पानाचा फोटो तेवढा तिनं आधीच भावाला पाठवला होता.

"दिरानंच तिला धरून नेलं आणि नवऱ्यापुढे टाकलं. इथे लिहिलंय," ड्रायव्हर म्हणाला. "हे टाईप करून द्या, ताई. पोलिसांत द्यायचंय. त्या दिराला मी काल दाखवला इंगा. आता सडू दे तुरुंगात."

"कुठाय तो?"

"दवाखान्यात. डोकं फुटलंय त्याचं."

भिंगताईनं फोटो संगणकावर मोठा केला. फ्लॅशनं अर्धं पान पांढरंफटक पडलेलं, मधल्या घडीची काळी सावली. 'परत पट्ट्याने मारलं,' हे स्वच्छ होतं. पुढे 'दिराने', मग एक शब्द, 'नेलं', आणि सावलीत बुडालेलं 'टाक' की काहीतरी. तिनं त्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"हा ध नाहीये," ती म्हणाली.

"धच आहे. अर्थ बघा की."

"अर्थ आधी लावला की अक्षरं गपगुमान त्याच्या मागे येतात. गप बस आणि या पानावर दूध कुठे लिहिलंय ते शोध."

बहिणीची सवय अशी, की आधी शब्द लिहायचा आणि मग वरची रेघ सरसकट ओढायची. त्यामुळे ध च्या डोक्यावरची मोकळी जागा झाकून जायची आणि घ, ध सख्खे भाऊ दिसायचे. पण ध सुरू करताना ती डावीकडे एक बारीक गाठ मारायची. दूध, औषध, अर्धा, सगळीकडे गाठ होती. घास, घाव, घरभाडं यांत कुठेच नव्हती. भिंगताईनं ते सगळे शब्द कापून एकाखाली एक लावले आणि तळाला तो शब्द ठेवला.

"आता तूच सांग. गाठ आहे का?"

ड्रायव्हर पडद्याला नाक लावून बसला. त्याचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. मग त्यानं एकदम तिची मानगूट पकडली आणि डोकं टेबलावर दाबलं. भिंग खाली पडून फुटलं.

"धरून लिही. कळलं? नाहीतर इथंच संपवीन."

भिंगताईनं टाचणीचा डबा चाचपला आणि मूठभर टाचण्या त्याच्या हातात खुपसल्या. तो ओरडून मागे सरला. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला, त्याला तिनं दारातच थांबवलं. ओठ फुटला होता. रक्त पुसून ती पुन्हा खुर्चीत बसली आणि सावलीचा भाग उजळ करू लागली. अंगाची लाही होत होती, पण हात कामाला लागले होते.

काळोखातून आधी क वरची मात्रा वर आली. मग त्या आधीचा एक शब्द. मग पुढची सबंध ओळ.

तिनं मोठ्यानं वाचलं, "परत पट्ट्याने मारलं. दिराने घरून नेलं. सहा टाके. डॉक्टरांना पडले म्हणून सांगितलं. दीर म्हणाला, वहिनी, तुम्ही तक्रार करा, मी साक्ष देतो."

ड्रायव्हर हातातल्या टाचण्या काढायचंही विसरला.

"वाचव तुझ्या बहिणीला आता," भिंगताई म्हणाली. तिचा राग काही केल्या उतरत नव्हता. "नवऱ्याविरुद्ध बोलणारा एक माणूस होता तिला. त्याचंच डोकं फोडून आलास. मेला तर नवरा मोकळा."

तो भिंतीला टेकला. मग खाली फरशीवरच बसला.

"ताई, माझाही जबाब लिहा. मी सांगतो तसा."

तिनं नवा कागद घेतला.

"तो हात जोडत होता. 'वहिनीचं' असं काहीतरी सांगत होता. मी पहिला फटका तोंडावरच मारला, दात पडले त्याचे. म्हणून पुढचं कळलं नाही, तो काय सांगत होता ते."

भिंगताईनं ते जसंच्या तसं टाईप केलं.